नव्याण्णव टक्क्यांवरचा मुक्काम

लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्या मंडळींसाठी लिहिलेले एक अँड्रॉइड ॲप सध्या माझ्या गळ्यात आहे. म्हणजे लग्न दुसऱ्याचे, मानधन तिसऱ्याचे आणि रात्री साडेअकराचे फोन माझे. ज्या गृहस्थाने ते लिहिले, तो नोकरी सोडून केव्हाच सुखात पडला.

पहिली तक्रार अशी की, दीड जीबीचा व्हिडिओ चढवताना नोटिफिकेशनमधली पट्टी ९९ टक्क्यांवर जाऊन बसते ती उठतच नाही. व्हिडिओ पोहोचलेला असतो, नवरीकडच्यांनी तो पाहून नावेही ठेवलेली असतात, पण पट्टी ढिम्म. कोड उघडला तेव्हा उलगडा झाला. ६४ केबीचा प्रत्येक तुकडा गेला की पूर्वसूरी नोटिफिकेशन नव्याने लावत होते. सेकंदाला दोन एमबी वेग धरला तरी ही बत्तीस वर्दी झाली. इतकी कटकट अँड्रॉइड ऐकून घेत नाही. जास्तीच्या वर्दी मुकाट्याने टाकून देते आणि त्यांत ‘काम झाले’ ही शेवटची वर्दीही जाते. आता टक्का बदलला तरच, म्हणजे साधारण साडेसात सेकंदांनी, वर्दी जाते आणि शेवटची किंचित थांबून. शिवाय setOnlyAlertOnce(true) लावल्यामुळे मंगलाष्टकांत मधूनमधून होणारे ‘टिंग’ही थांबले.

दुसरा घोळ गटाचा. setGroup वापरून त्यांनी ग्राहकांचे निरोप आणि अपलोड एकाच गठ्ठ्यात बांधले होते. गठ्ठा मिटला की प्रत्येकाची एकेक ओळ उरते आणि ज्या पट्टीकडे माणूस डोळे लावून बसतो, तीच नेमकी दिसत नाही. अपलोड मी गटाबाहेर काढले. माझ्या मते ते तिथे कधी असायलाच नको होते.

खरी करामत मात्र जागच्या जागी उत्तर देण्याच्या सोयीत होती. ही सोय अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. उत्तर पाठवले की त्या जागी चक्र फिरू लागते आणि ॲपने त्याच क्रमांकाचे नोटिफिकेशन पुन्हा लावेपर्यंत ते फिरतच राहते. आमचे ॲप दर वेळी नवा क्रमांक काढी, त्यामुळे नवे नोटिफिकेशन खाली हजर आणि जुन्याचे चक्र अखंड चालू. एका छायाचित्रकाराने वधूपित्याला ‘चालेल’ असे लिहिले, चक्र पाहून उत्तर गेलेच नाही असे समजून ॲप उघडले आणि पुन्हा ‘चालेल’ लिहिले. दोनदा होकार आल्यावर वधूपित्याला वाटले, हा अल्बमचे पैसे दुप्पट लावणार.

क्रमांक कायम ठेवल्यावर उत्तर पाठवताच चक्र थांबू लागले. काल त्याच छायाचित्रकाराचा फोन आला: “साहेब, आता ‘चालेल’ एकदाच जातं, तर ते विचारतायत, नाखुशीनं म्हणालात का?”