पिन कमेंटमध्ये कीवर्ड भरून सर्च का वाढत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

*वाचकाची प्रतिक्रिया:* "तुमचा लेख वाचून टायटल बदललं, डिस्क्रिप्शनमध्ये पंचवीसेक कीवर्ड टाकले, तेच पिन कमेंटमध्येही टाकले. सर्चमधून येणारे व्ह्यूज जिथल्या तिथेच. मोठ्या चॅनलवाल्यांची टायटलं दोन शब्दांची असतात, तरी चालतात. छोट्या चॅनलला याचा काही उपयोग नाही, असं सरळ लिहा ना! माझं टायटल: 'शिलाई मशीन रिपेअर | भाग ७ | घरच्या घरी सोप्या टिप्स'."

नमस्कार. टायटल दिलंत हे फार बरं केलंत, आता नेमकं बोलता येईल. तो व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचा गुंता का होतो आणि तो कसा थांबवायचा, एवढं एकच काम तुम्ही त्यात दाखवलंय, आणि छान दाखवलंय. पण 'गुंता' हा शब्द टायटलमध्ये नाही, डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीतही नाही. ज्या बाईची मशीन आत्ता अडली आहे, ती 'भाग ७' शोधत नाही. ती तिला समोर दिसणारी अडचण टाइप करते.

मोठ्या चॅनलचं गणित वेगळं असतं. त्यांचे बरेचसे प्रेक्षक होम पेजवरून किंवा दुसऱ्या व्हिडिओशेजारच्या सुचवणीतून येतात, म्हणून त्यांचं दोन शब्दांचं टायटल खपून जातं. सर्चच्या बाबतीत यूट्यूबने जाहीरपणे सांगितलेलं असं, की टायटल, टॅग, डिस्क्रिप्शन आणि खुद्द व्हिडिओतला मजकूर हे शोधलेल्या शब्दांशी किती जुळतात ते पाहिलं जातं. त्याच शोधातून आलेले लोक तो व्हिडिओ किती वेळ पाहतात, हेही मोजलं जातं. 'शिलाई मशीन रिपेअर' एवढ्या रुंद शब्दांवर तुमची गाठ जुन्या, भरपूर पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंशी पडते. 'खालून धागा गुंततो' या अरुंद प्रश्नावर मात्र पूर्ण उत्तर देणारे व्हिडिओ मोजकेच असतात. छोट्या चॅनलला जागा मिळते ती तिथे.

तेव्हा टायटल असं करून पाहा: "शिलाई मशीनमध्ये खालून धागा गुंततो? वरचा धागा असा ओवा". मर्यादा १०० अक्षरांची असली तरी मोबाइलवर त्याच्या बऱ्याच आधी टायटल कापलं जातं, म्हणून अडचण पुढे आणि उपाय मागे. मालिकेचा क्रमांक टायटलमधून काढा. तो प्लेलिस्टमध्ये शोभतो.

शब्द मनाने ठरवू नका. यूट्यूबच्या शोधपट्टीत 'शिलाई मशीन धागा' एवढंच लिहून थांबा आणि खाली काय सुचवलं जातं ते पाहा. मग तेच इंग्रजी अक्षरांत, `shilai machine dhaga` असं लिहून पाहा, कारण कितीतरी लोक मराठी तसंच टाइप करतात. त्या अक्षरांतली सुचवणी जास्त दिसली, तर ते रूप डिस्क्रिप्शनमधल्या एखाद्या वाक्यात एकदा येऊ द्या. टायटलमध्ये दोन्ही लिप्या कोंबू नका, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आता डिस्क्रिप्शन. कीवर्डची रांग आजच काढून टाका. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगांची गर्दी करणं यूट्यूबच्या स्पॅमविरोधी नियमांत बसत नाही. वर 'आणखी'च्या आधी ज्या पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, तिथे व्हिडिओत काय आहे ते सरळ सांगा: "शिलाई मशीनवर शिवताना कापडाखाली धाग्याचा गुंता होत असेल तर दोष बहुधा बॉबिनचा नसतो, वरच्या धाग्याच्या ओवणीचा असतो. प्रेशर फूट खाली असताना धागा ओवला तर तो टेन्शन डिस्कमध्ये बसत नाही. फूट वर करून पुन्हा कसा ओवायचा, ते या व्हिडिओत आहे." लोक शोधतात ते सगळे शब्द यात आपसूक आले. शिवाय वाचणाऱ्याला आपण योग्य ठिकाणी आलोय हे कळतं. त्याखाली चॅप्टर द्या. हा फक्त नमुना आहे, वेळा तुमच्या व्हिडिओप्रमाणे घाला:

```
0:00 खालून धागा गुंतणे: कसं दिसतं
0:35 प्रेशर फूट वर का हवं
1:50 वरचा धागा पुन्हा ओवणे
4:10 बॉबिन तपासणे
```

पहिली वेळ 0:00 च हवी, किमान ३ चॅप्टर हवेत, वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा. यातलं एक जरी चुकलं तर चॅप्टर तयार होत नाहीत. टॅगांवर संध्याकाळ घालवू नका. त्यांचा उपयोग फार थोडा, मुख्यतः लोक एखादा शब्द चुकीचा लिहीत असतील तर.

पिन कमेंटबद्दल तुमचं-माझं खरं मतभेदाचं ठिकाण आहे. यूट्यूबने सांगितलेल्या गोष्टींत कमेंट नाही, त्यामुळे तिथे कीवर्ड भरून सर्चमध्ये वर येण्याची आशा धरू नका. आणि व्हिडिओखाली पहिलीच कमेंट शब्दांची जंत्री असली, की माणूस त्याखाली काही लिहायला धजत नाही. त्या जागेचं काम वेगळं आहे. उपाय करूनही ज्यांचं जमलं नाही, त्यांच्यासाठी पुढची पायरी तिथे लिहा: "ओवणी बरोबर असूनही गुंता होतोय? सुई बदलून पाहा, मग बॉबिन केस काढून आतला कचरा साफ करा. तरीही थांबलं नाही तर मशीन कोणती आणि गुंता शिलाईच्या सुरुवातीला होतो की मध्येच, ते खाली लिहा." यावर जी उत्तरं येतील ती लोकांच्या स्वतःच्या शब्दांत असतील. "सुरुवातीचे चार टाके नीट येतात, मग गोळा होतो" असं कुणी लिहिलं, तर ते तुमच्या पुढच्या व्हिडिओचं जवळजवळ तयार टायटल आहे. पिन कमेंट सर्चला मदत करते ती अशी, आडवाटेने.

फरक पडला की नाही हे एकूण व्ह्यूजवरून कळणार नाही. स्टुडिओत तो व्हिडिओ उघडा, Analytics मधल्या Reach मध्ये जा आणि YouTube search खाली लोकांनी टाइप केलेले शब्द वाचा. तिथे 'धागा', 'गुंता' दिसू लागले तर टायटल योग्य लोकांपर्यंत पोचतंय, मग आकडा लहान असला तरी चालेल. शब्द बरोबर आहेत पण पाहण्याचा सरासरी वेळ अगदी थोडा आहे, तर दोष टायटलचा नाही. तुमच्या व्हिडिओत पहिली दीड मिनिटं ओळख आणि मागच्या भागाची उजळणी आहे. अडलेला माणूस तेवढा थांबत नाही, आणि सर्चमध्ये नेमकं तेच तुमच्या विरोधात मोजलं जातं. यूट्यूबच्या एडिटरमध्ये ट्रिम करून तेवढा भाग कापता येतो, व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही. फक्त कापल्यावर चॅप्टरच्या वेळा सरकतात, त्या नव्याने लिहा.

आणि YouTube search खालची शब्दांची ती यादी दोन-तीन महिने रिकामीच राहिली, तर या व्हिडिओचं टायटल पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. कमेंटमध्ये आलेला एखादा प्रश्न घ्या आणि फक्त त्याचंच उत्तर देणारा नवा व्हिडिओ करा.