खातं उण्यात टिकवून कसं ठेवावं

एटीएममधून दहा हजार काढायला गेलात, मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत आणि मेसेज मात्र आला: खात्यातून १०,००० वजा. अशा वेळी तक्रार करावीच. पण पैसे परत आल्यावर पासबुक मुळीच उघडू नये. खातं उण्यात न्यायची पहिली पायरी हीच आहे.

रावेरकडचे आमचे एक केळीवाले दादा या कलेत मुरलेले. फसलेल्या व्यवहाराचे पैसे बँकेने पाच दिवसांत स्वतःहून परत करायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईही द्यायची असते. त्यांचे दहा हजार चौथ्याच दिवशी आपोआप आले. आठवड्याने तक्रारीचा निकाल लागला आणि आणखी दहा हजार आले. दादा म्हणाले, "काय भो, लक्ष्मी आली तर तिला दारातून हाकलू का?" मग शेतात वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी थापल्या, तीस माणसं भरीत खाऊन गेली. उरलेल्यात पंप दुरुस्त झाला.

तुम्हीही असंच करा. व्यवहाराचा बारा आकडी आरआरएन क्रमांक दोन्ही जमा नोंदींशी ताडून बघू नका. एकाच क्रमांकाचे पैसे दोनदा आलेत हे तेव्हाच कळलं, तर दुसरे दहा हजार बाजूला ठेवावे लागतील आणि भरीत बोंबलेल.

वीस दिवसांनी बँकेचा हिशेब जुळला आणि जादा आलेले १०,००० तिने वळते केले. खात्यात होते ३,६००. शिल्लक झाली उणे ६,४००. आता बँकेत जाऊन तावातावाने भांडा. विचारायचं एकच, "माझ्या परवानगीशिवाय?" त्या क्रमांकाचे पैसे एकदाच आले असतील आणि तेच परत ओढले असतील, तर भांडण खरंच तुमचं. मग त्या व्यवहाराची मशीनमधली नोंद आणि त्या दिवशी मशीनमध्ये रोकड जादा निघाली का, याचा अहवाल लेखी मागता येतो. पण लेखी कशाला? तोंडी बोललं की मिशीला पीळ देता येतो, आणि पोच सांभाळायची कटकट नाही.

रागाच्या भरात खात्यात एक रुपयाही टाकू नका. विशेषतः पाच तारखेच्या आत. दादांच्या मोटारसायकलचा हप्ता पाच तारखेला याच खात्यातून जायचा. चार तारखेपर्यंत उणे भरून वर हप्त्यापुरते ठेवले असते तर काही घडलं नसतं. बाणा राखला म्हणून हप्ता परत गेला. बँकेने ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, म्हणजे ५९०. फायनान्सवाल्याने आपला दंड वेगळा लावला, तो दादा अजून कोणाला सांगत नाहीत. खातं उणे ६,९९०.

तेवढ्यात पीएम-किसानचे २,००० आले. आले आणि खड्ड्यात गेले. उणे ४,९९०. उण्यातलं खातं वाळूसारखं असतं, वरून ओतलेलं आधी तेच पितं. त्यामुळे "पडू दे तसंच, दुसरीकडे खातं उघडू" हा बाणेदार विचार करताना अनुदान कोणत्या खात्याला जोडलंय ते अजिबात आठवू नका.

शेवटी दादा नमले, पण अर्धेच. मोबाइलवर उणे ४,९९० दिसले म्हणून मोजून ५,००० भरले. दहा रुपये शिल्लक! खिडकीवरच्या बाईंना "आजपर्यंतचं व्याज आणि वसूल न झालेले चार्जेस धरून एकूण किती भरू?" असं विचारलं नाही, विचारणं म्हणजे कमीपणा. महिनाअखेरीस उण्याच्या दिवसांचं व्याज ६२ रुपये पडलं. खातं पुन्हा उणे ५२.

आता ५९० माफ करून घ्यायचे नसतील तर एक अर्ज कधीच लिहू नका. त्यात इतकंच असतं: जादा जमा बँकेच्या चुकीने झाली, वळती करण्याआधी मला कळवलं नाही, त्यामुळेच हप्ता परत गेला, तेव्हा दंड आणि व्याज परत करावं. दोन प्रती, एकीवर शिक्का. माफी द्यायलाच हवी असं बंधन नाही, पण चूक कागदावर आली की मॅनेजरचा सूर बदलतो. किमान शिल्लक नाही म्हणून लावलेल्या दंडाने खातं उण्यात ढकलता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियमही अर्जात घालू नका. तसा तो त्या दंडापुरताच आहे, वळत्या केलेल्या रकमेला लागू नाही. तरी काय घ्या, एखादा आकडा कमी व्हायचा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. तिथे शिक्क्याची प्रत लागते. दादांकडे ती नाही. भरिताचे फोटो मात्र आहेत, तीसही माणसं नीट दिसतात.