ब्राऊन-ब्लू उलटं केल्यानं एनपीएनचा पीएनपी होत नाही

आलेला मेसेज असा होता:

"मेंटेनन्सवाल्या भावांसाठी. १) कपॅसिटिव्ह सेन्सर लोखंड, प्लास्टिक, पाणी, धान्य सगळं पकडतो, तोच एक स्टोअरमधी ठेवा. २) सेन्सरवर ८ एमएम लिहिलं म्हणजे कोणताही मेटल ८ एमएमवर पकडणारच. ३) फोटो सेन्सरला वस्तूच्या रंगाशी काही घेणंदेणं नाही. ४) एनपीएन-पीएनपी हा दुकानदाराचा धंदा आहे, ब्राऊन आणि ब्लू उलटे करा, एनपीएनचा पीएनपी झाला. सगळ्या ग्रुपवर टाका."

हा मेसेज मला पहिल्यांदा वाळूजच्या आमच्या मेंटेनन्सच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. मागच्या महिन्यात लातूरहून भाच्याचा रात्री फोन आला, "मामा, गेट उघडं असताना पीएलसी बंद म्हणायलाय अन् तीन पोती तूरडाळ खाली गेली." तो तिकडं एका डाळ मिलमधी इलेक्ट्रिशियन आहे, आयटीआय करून दोन वर्षं झालीत. विचारत गेलो तर शेवटी निघालं हेच, चौथा मुद्दा वाचून केलेलं काम. म्हणून चौथ्यापासूनच सुरू करतो, बाकीचे मागून बघू.

मशीन साधं आहे. वर वजनाचा हॉपर, खाली एअर सिलिंडरवर सरकणारं गेट. गेट पूर्ण बंद झालं की त्याच्यावरची पट्टी एका एम१८ इंडक्टिव्ह सेन्सरसमोर येते, पीएलसीला "बंद" कळतं, मग वरून भरणं सुरू होतं. जुना सेन्सर पीएनपी होता, तो गेला. दुकानात त्याच मापाचा एनपीएन मिळाला, भाच्यानं तो लावला तर पीएलसीच्या इनपुटची लाइट लागेना, म्हणून मेसेजमधलं केलं. लाइट लागली. त्याला वाटलं जमलं.

आता आत काय असतं ते बघा. तीन वायरच्या सेन्सरमधी ब्राऊन म्हणजे प्लस, ब्लू म्हणजे झिरो व्होल्ट, ब्लॅक म्हणजे आउटपुट. एनपीएनमधी ट्रान्झिस्टर ब्लॅक आणि ब्लूच्या मधी बसलेला असतो, म्हणजे मेटल आलं की तो ब्लॅकला झिरोला जोडतो, करंट बाहेरच्या लोडमधून येऊन सेन्सरमधी शिरतो, त्यालाच सिंकिंग म्हणतात. पीएनपीमधी ट्रान्झिस्टर ब्राऊन आणि ब्लॅकच्या मधी, मेटल आलं की ब्लॅकवर चोवीस व्होल्ट बाहेर येतात, ते सोर्सिंग. हा ट्रान्झिस्टर कारखान्यात पॉटिंगमधी गाडलेला आहे, बाहेरच्या दोन वायरी फिरवल्या म्हणून तो आत जागा बदलत नाही.

मग लाइट कशी लागली? बऱ्याच सेन्सरमधी सप्लायला उलट्या पोलॅरिटीपासून वाचवायला डायोड असतो, त्यामुळं उलटं जोडलं तरी सेन्सर जळत नाही, नुसता मेलेला राहतो. पण ज्यांच्या आत आउटपुट ट्रान्झिस्टरला समांतर संरक्षणाचा डायोड किंवा झेनर असतो, तिथं ब्लूवर चोवीस व्होल्ट दिले की ते त्या डायोडमधून सरळ ब्लॅकवर येतात, आणि पीएलसीचं इनपुट कायमचं चालू दिसतं, समोर मेटल असो नसो. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. खूण एकच आणि पक्की आहे: सेन्सरच्या अंगावरची एलईडी मेटल समोर आणलं तरी लागत नाही आणि पीएलसीची लाइट मात्र जात नाही. मी फोनवर त्याला म्हणलं, "दिगू, पट्टी बाजूला सरकव अन् सांग लाइट गेली का." नाही गेली. गेट उघडं, पीएलसीला बंद वाटायलं, वरून डाळ सुरू. गेटखाली कोणाचा हात नव्हता म्हणून डाळीवर भागलं, आणि असला सल्ला लोक न बघता पुढं ढकलायलेत याचा मला राग येतो.

अर्धं खरं काय आहे तेही सांगतो, कारण ते लपवून उपयोग नाही. एनपीएन सेन्सर पीएनपीच्या जागी वापरता येतो, पण वायर उलटी करून नाही. एक रस्ता रिलेचा: चोवीस व्होल्ट डीसीच्या छोट्या रिलेची कॉइल ब्राऊन आणि ब्लॅकच्या मधी जोडायची, कॉइलला उलटा डायोड, आणि रिलेच्या कॉन्टॅक्टमधून पीएलसीला प्लस द्यायचा. गेटसाठी हे चालतं, वेगानं पोती मोजायला नको, रिले हळू असतो आणि कॉन्टॅक्ट झिजतात.

दुसरा रस्ता ब्राऊन आणि ब्लॅकच्या मधी रेझिस्टर टाकायचा, याला पुल-अप म्हणतात, आणि इथं लोक हाताला येईल ती किंमत टाकतात. हिशोब करा. नेहमीच्या चोवीस व्होल्टच्या पीएलसी इनपुटला चालू व्हायला साधारण १५ व्होल्ट आणि २.५ मिलीअँप लागतात. म्हणजे रेझिस्टरवर जास्तीत जास्त ९ व्होल्ट पडायला पाहिजेत. १० किलोओहम टाकला तर ९ व्होल्टला ०.९ मिलीअँपच मिळतो, इनपुट कधी चालू होणारच नाही. २.२ किलोओहम टाकला तर ४ मिलीअँपच्या वर मिळतो, काम होतं, पण मेटल समोर आल्यावर त्या रेझिस्टरवर पूर्ण २४ व्होल्ट येतात, पाव वॅटच्या वर उष्णता, म्हणून अर्ध्या वॅटचा घ्यायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लॉजिक उलटं होतं: मेटल नाही तेव्हा इनपुट चालू, मेटल आलं की बंद. प्रोग्रॅम बदलला नाही तर परत तीच डाळ खाली.

तिसरा रस्ता पीएलसीचा कॉमन बदलायचा. मित्सुबिशीच्या एफएक्स३यूमधी एस/एस टर्मिनल चोवीस व्होल्टला जोडलं की एनपीएन चालतो, झिरोला जोडलं की पीएनपी. पण कॉमन एकच असल्यानं त्याच्यावरचे सगळे इनपुट सोबत फिरतात, एका सेन्सरसाठी बाकीचे पीएनपी बंद पडतील. आणि नावात गोंधळ आहे: मित्सुबिशी ज्याला सिंक इनपुट म्हणते त्याला एनपीएन सेन्सर लागतो, तर दुसरीकडं सिंकिंग इनपुट म्हणलं की त्याला पीएनपी सेन्सर लागतो. म्हणून नाव वाचू नका, इनपुटमधून करंट कुठून कुठं जातो ते वायरिंगच्या चित्रावर बघा.

दुकानदाराच्या धंद्याबद्दल एक सांगतो. आपल्या पॅनलमधी झिरो व्होल्ट बहुतेक अर्थला जोडलेला असतो. एनपीएनची ब्लॅक वायर घासून मशीनच्या लोखंडाला टेकली की ती झिरोला जोडली गेली, म्हणजे सेन्सरनं मेटल पकडल्यासारखंच पीएलसीला दिसतं. पीएनपीची तशीच टेकली तर सिग्नल मिळत नाही, मशीन थांबून राहतं. डाळ मिलमधी, जिथं केबल दिवसभर हलणाऱ्या गेटजवळून जाते, तिथं मी पीएनपीच घेईन.

हातात आलेला सेन्सर कोणता हे अक्षरं पुसली असतील तरी कळतं. ब्राऊन प्लसला, ब्लू झिरोला. चोवीस व्होल्टचा पॅनल लॅम्प एकदा ब्राऊन आणि ब्लॅकच्या मधी धरा आणि समोर लोखंड आणा, लागला तर एनपीएन. ब्लॅक आणि ब्लूच्या मधी धरल्यावर लागला तर पीएनपी. हे साध्या, मेटल आल्यावर चालू होणाऱ्या सेन्सरसाठी. नुसत्या मीटरनं बघू नका, ब्लॅकला लोड नसेल तर मीटर भलतंच दाखवतो.

आता दुसरा मुद्दा, कारण भाच्याला पीएनपी मिळाल्यावर याच मुद्द्यानं त्याला धक्का दिला. नवा सेन्सर नीट जोडला, तरी लाइट लागेना. सेन्सर ८ एमएमचा, मधलं अंतर ५ एमएम, मग अडलं काहून? विचारलं, पट्टी कशाची? मागच्या वेळी जुनी लोखंडी पट्टी तुटली म्हणून फॅब्रिकेशनवाल्यानं अॅल्युमिनियमची लावली होती. आयईसी ६०९४७-५-२ हे स्टँडर्ड वाचा, त्याच्यात ते ८ एमएम कशावर मोजतात ते लिहिलेलं आहे: १ एमएम जाडीची, साध्या लोखंडाची चौकोनी पट्टी, बाजू सेन्सरच्या तोंडाच्या व्यासाएवढी किंवा अंतराच्या तिप्पट, जे मोठं असेल ते. इथं तिप्पट म्हणजे २४ एमएम. आणि खात्रीचं अंतर त्याच स्टँडर्डप्रमाणं ८१ टक्के, म्हणजे लोखंडावरच साडेसहा एमएमच्या जवळ. कॉइलच्या समोर मेटल आलं की त्याच्यात चक्री करंट फिरतात आणि ऑसिलेटरची ताकद खातात, अॅल्युमिनियममधी ही खाण्याची ताकद कमी पडते. डेटाशीटमधी बहुतेक ०.३ ते ०.४५ असा गुणक दिलेला असतो. ०.४ धरला तर साडेसहाचे अडीच एमएम राहतात. पितळ आणि तांब्याचंही असंच कमी होतं, स्टेनलेस त्यामानानं बरं. मी त्याला अंतर कमी करायला नाही सांगितलं, गेट हलतं, सेन्सरच ठोकला जाईल. २५ एमएमची लोखंडी पट्टी लावली, ४ एमएम अंतर ठेवलं, तेव्हापासून चालू आहे.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. त्याच हॉपरमधी वरपर्यंत डाळ भरली का हे इंडक्टिव्हला कधीच कळणार नाही, तिथं कपॅसिटिव्हच पाहिजे. पण गेटवर तो नको, कारण तो डाळीच्या पिठालाही वस्तूच समजतो. तोंडावर भुकटी साचली, पावसाळ्यात ती ओली झाली, की पट्टी नसताना चालू. पाण्याचा परिणाम धान्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून त्याच्या स्क्रूनं केलेलं सेटिंग हॉपर रिकामा आणि भरलेला दोन्ही बघून, पावसाळ्यात परत एकदा करावं लागतं.

तिसऱ्याबद्दल एवढंच की आमनेसामने दोन डोळ्यांचा फोटो सेन्सर असेल तर रंगाचा फरक पडत नाही, पारदर्शक पाउच मात्र तोही चुकवू शकतो. वस्तूवरून परत आलेला उजेड बघणारा सेन्सर पांढऱ्या पोत्याला लांबून पकडतो आणि काळ्या रबरी बेल्टला अगदी जवळ आल्यावर. रिफ्लेक्टरवाल्यासमोर चकचकीत पाउच असेल तर पोलराइज्डच घ्या, नाहीतर पाउचच आरशासारखा उजेड परत पाठवतो आणि सेन्सरला वाटतं समोर काहीच नाही. आणि डाळ मिलमधी कोणताही घेतला तरी काच रोज पुसायला माणूस पाहिजे.

भाच्यानं काल तो मेसेज त्यांच्या ग्रुपवरून काढायला लावला, आणि जुन्या एनपीएनवर मार्करनं मोठ्या अक्षरात "एनपीएन" लिहून तो स्टोअरमधी वेगळ्या डब्यात ठेवला.