माझा आजार, साहेबांची काळजी आणि एचआरला लिहिलेलं एक पान

सोमवारी सकाळी सव्वाआठला आमच्या शिफ्टच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या आजाराचं नाव घेतलं. आधी कन्नडमध्ये, मग कुणाला कळलं नसेल तर म्हणून मराठीतही. दहा मिनिटांनी तेच डिस्पॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, शेवटी हात जोडलेले, "सगळ्यांनी सांभाळून घ्या". ग्रुपमध्ये ३४ माणसं.

दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांना नेहमीचे काचेचे ग्लास आणि मला कागदी कप. देणाऱ्या पोराच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट साखर जास्तच घातलेली. संध्याकाळी सातच्या आत वडगावच्या मावशीचा आईला फोन. तिचा जावई आमच्याच शेजारच्या युनिटमध्ये. आई मला एवढंच म्हणाली, "मला सांगायचं न्हाईस व्हय रे?" उद्यमबाग ते वडगाव अंतर किती ते बेळगावकरांना सांगायला नको. बातमी माणसाच्याही आधी पोचली.

आजार कुठला ते इथे लिहिणार नाही. कारखान्याचं नावही नाही.

मुळात साहेबांना ते कळलं कसं, तर मीच कळवलं. तीन महिने नाईट शिफ्ट नको म्हणून अर्ज केला आणि सोबत डॉक्टरांच्या सर्टिफिकेटचा फोटो मेल केला. चूक तिथं झाली, माझी. त्या कागदाच्या पहिल्याच ओळीत आजाराचं नाव होतं. साहेबांना शिफ्ट लावायला कळायला हवं ते एवढंच: हा माणूस रात्री काम करू शकत नाही, उंचावर चढू शकत नाही, अमुक तारखेपर्यंत. का, ते त्यांना कळण्याची गरज नाही. डॉक्टरांकडे मागितलं तर ते असं सर्टिफिकेट देतात, "नाईट ड्युटी टाळावी, कालावधी तीन महिने", बस्स. निदानाचा कागद लागलाच तर तो थेट एचआरकडे द्यावा. हे मला नंतर कळलं. तरी साहेबांना सांगणं वेगळं आणि साहेबांनी ३४ जणांना सांगणं वेगळं, यात माझा गोंधळ नाही.

मंगळवारी रात्री एचआरला लिहायला बसलो. तीन पानं झाली. त्यात दोन वर्षांपूर्वीचं इन्क्रिमेंट, साहेबांचा आवाज, दिवाळीची सुट्टी, सगळंच आलं. आमचे तात्या युनियनमध्ये बरीच वर्षं काढून रिटायर झालेत. त्यांनी वाचून विचारलं, "हे वाचून त्यांनी करायचं काय?" मला सांगता येईना. मग त्यांनी एका पानावर आणलं.

त्यात आधी घडलेलं: तारीख, वेळ, जागा, साहेबांचे शब्द जसेच्या तसे (कन्नड वाक्य कन्नडमध्येच), मीटिंगला हजर असलेल्या चौघांची नावं. सोबत मेसेजचा स्क्रीनशॉट आणि ग्रुपमधल्या मेंबरांच्या यादीचा स्क्रीनशॉट. दुसरा कशाला, असं मला वाटलं होतं. पण किती जणांपर्यंत गेलं ते यादीवरूनच दिसतं. मग एक वाक्य: ही माहिती मी शिफ्ट बदलण्यासाठी दिली होती, इतरांना सांगायला माझी परवानगी घेतली नव्हती. आणि खाली चार मागण्या. मेसेज काढावा. माझे वैद्यकीय कागद यापुढे फक्त एचआरकडे राहावेत. माझ्या रजा-शिफ्टचा निर्णय या प्रकरणापुरता दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. आणि तक्रार केली म्हणून शिफ्ट, बोनस, अप्रेझल यात फरक पडणार नाही हे लेखी कळवावं. "साहेबांना काढा" असं लिहिलं नाही. रागात होतो तरी तात्यांनी ते खोडलं.

मागण्यांच्या वर कायद्याची एक ओळ होती. २०११ चे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे नियम शारीरिक-मानसिक आरोग्याच्या माहितीला संवेदनशील माहिती धरतात. कंपनीने ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, आणि तक्रार अधिकारी नेमून एका महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. पण हे नियम संगणकात, मेलमध्ये असलेल्या माहितीपुरते. माझं सर्टिफिकेट मेलने गेलं होतं म्हणून तो आधार घेता आला. कुणी नुसतं तोंडी सांगितलेलं दुसऱ्याने तोंडी पसरवलं तर हा नियम तितका उपयोगी पडत नाही. विदा संरक्षणाचा २०२३ चा नवा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, त्यावर मी भिस्त ठेवली नाही. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, विश्वासाने सांगितलेलं मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि १०० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी त्यासाठी वेगळा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. यावरून माझ्याबद्दल काही काढू नका, माहिती म्हणून लिहिलं.

बुधवारी मेल गेला. एचआरच्या मॅडम धारवाडच्या, मराठी समजतं, बोलताना कन्नड-हिंदी. पीएफ, ईएसआय, कँटीन, बसचे पास सगळं त्या एकट्याच बघतात. त्यांनी शुक्रवारी बोलावलं आणि चहा मागवला. म्हणाल्या, साहेबांनी चांगल्या मनानं सांगितलंय, तुम्हाला चक्कर आली तर बाकीच्यांना माहीत नको का? हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. मी म्हटलं, चक्कर आली तर काय करायचं ते सांगा की: बसवा, पाणी द्या, अमुक नंबरला फोन लावा. त्यासाठी आजाराचं नाव कशाला? त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मी बोलते त्यांच्याशी.

"मी बोलते" एवढ्यावर थांबलो असतो तर तिथंच संपलं असतं. घरी आलो आणि त्याच संध्याकाळी मेल केला: आज आपलं हे हे बोलणं झालं, आपण साहेबांशी बोलणार आहात, बाकी तीन मागण्यांचं उत्तर लेखी मिळावं. तात्या म्हणतात, तोंडी बोलण्याला तारीख नसते.

एक गोष्ट हातची गेली. व्हॉट्सॲपवरचा मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढायला दोन-अडीच दिवसच मिळतात. साहेबांना ते सांगितलं गेलं पुढच्या सोमवारी. तोवर मुदत संपलेली, मेसेज अजून ३४ फोनांमध्ये आहे. त्याच दिवशी स्क्रीनशॉट घेऊन लगेच फोन केला असता तर निदान तेवढं झालं असतं.

पुढच्या बुधवारी उत्तर आलं. कागद एचआरच्या कपाटात, माझी शिफ्ट प्लॅनिंगचे दुसरे साहेब बघणार, आणि तक्रारीमुळे फरक पडणार नाही हे लेखी दिलं. साहेबांवर काय कारवाई झाली असं विचारलं तर लिहिलंय, ती वैयक्तिक बाब असल्याने सांगता येत नाही. वाचून हसू आलं. नियमाने बरोबरच आहे, त्यांची शिस्तीची फाईल मला दाखवू नये. पण या कारखान्यात वैयक्तिक बाब नावाची काही चीज आहे, हे मला त्यादिवशी पहिल्यांदा कळलं.

राहिला साहेबांचा खुलासा. मीटिंगमध्ये "ती माहिती सांगायला नको होती, कुणी पुढे बोलू नका" एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं, असं मी दुसऱ्या मेलमध्ये मागितलंय. त्यावर उत्तर नाही. २० किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्यात निम्मे कामगारांचे प्रतिनिधी. आमच्याकडे ती नोटीस बोर्डावर आहे, मीटिंग झालेली कुणाला आठवत नाही. महिना भरायला नऊ दिवस आहेत. तोवर थांबतो, मग अर्ज तिकडे.

कँटीनच्या पोराला काल मीच सांगितलं, काचेच्या ग्लासात दे. दिला त्यानं.

कमेंटमध्ये आजाराचा अंदाज बांधू नका. काढून टाकीन.