मामा शार्प, नवरा ब्लर

काल एका सद्गृहस्थांनी माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पिऊन, मला डोळे तपासून घ्यायला सांगितले. "एवढी मोठी स्क्रीन घेऊन बसलायस आणि तुला दिसत नाही? नंबर वाढला असेल तुझा." हे नवरदेवाचे मामा. अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

प्रकरण साधं आहे. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, शूट दुसरंच कुणीतरी करतं, आणि शिव्या मला पडतात. या लग्नातला सगळ्यात महत्त्वाचा शॉट म्हणजे अंतरपाट खाली येतो आणि नवरा पहिल्यांदा नवरीकडे बघतो तो. शूटिंगवाल्या मुलाने कॅमेरा नवरीच्या खांद्यामागे लावला होता, ५० एमएमची लेन्स, अॅपर्चर २.८, फोकस ऑटोवर. आता ऑटोफोकस बिचारा इमानदार असतो. मंगलाष्टकं चालू असताना त्याला समोर फक्त अंतरपाटावरचं लालभडक स्वस्तिक दिसत होतं, ते त्याने घट्ट धरून ठेवलं. मग "शुभमंगल सावधान" झालं, कापड खाली गेलं, आणि कॅमेऱ्याने चेहरा शोधायला सुरुवात केली. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या, समोर वर उचललेला हार, वरून अक्षतांचा पाऊस, हा चेहरा आहे हे माणसालाही पटकन कळलं नसतं. त्याच्या मागे मात्र अर्ध्या मीटरवर एक मोठा, गोल, निर्विघ्न चेहरा उभा होता. कॅमेऱ्याने तो पकडला.

मामा. प्रथेप्रमाणे भाच्याच्या पाठीशी उभे.

आणि काय शार्प आलेत म्हणून सांगू! कानातले केस मोजता येतील, शर्टाच्या खिशातल्या पेनचं टोपण चमकतंय, आणि त्या पवित्र क्षणी ते जीभ दाढेत घालून काहीतरी काढतायत तेही व्यवस्थित. पुढे नवरदेव किंचित मऊ, कुणीतरी लेन्सवर फुंकर मारल्यासारखा. मोबाइलवर बघितलं तर चालून जातं. पण मामांच्या घरी पंचावन्न इंची टीव्ही आहे, हे त्यांनी चपला काढायच्या आधीच सांगितलं होतं.

"हे जरा शार्प कर," मामा म्हणाले.

"मामा, फोकस मागे गेलाय. थोडं सुधारेल, पूर्ण नाही होणार."

"का नाही होणार? मी तर एकदम क्लिअर आहे."

"हो, म्हणजे फोकस तुमच्यावर आहे."

"मग माझ्यातला थोडा त्याला दे ना."

मी वळून बघितलं. चेष्टेचा लवलेश नाही. माणूस खरोखर मोठ्या मनाने स्वतःचा शार्पनेस भाच्याच्या नावावर करायला निघाला होता, आहेर असल्यासारखा. "मला कशाला एवढा पाहिजे? माझं काय आता वय राहिलंय? निम्मा त्याला दे, फिफ्टी-फिफ्टी." मी म्हटलं मामा, तसं होत नाही. तर म्हणाले, "तुला येत नाही असं म्हण. सॉफ्टवेअर कितीचं आहे?"

सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, आणि ते फुकटातही मिळतं, पण हे मी बोललो नाही. काही गोष्टी गिऱ्हाइकाला सांगायच्या नसतात.

मी कामाला लागलो, कारण सुधारता येतं ते सुधारायलाच हवं. पहिलं काम म्हणजे शार्प न करणं. हॉलमधल्या अंधुक उजेडात चित्रात दाणे आलेले असतात, आधी शार्प केलं तर पहिले ते दाणेच उठून दिसतात आणि नवऱ्याला देवी आल्यासारखं दिसतं. म्हणून पहिल्या नोडवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या पहिल्या पायरीवर, नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसणं, तेही हलकं (हे मात्र पैसे भरलेल्या आवृत्तीतच मिळतं, ते पैसे मी भरलेत, कुणी विचारत नाही), आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटच्या नोडवर. त्या नोडची कलर स्पेस लॅब केली आणि पहिलं चॅनेल ठेवून रंगाची दोन बंद केली, म्हणजे फक्त उजेड-अंधार शार्प होतो. रंग शार्प करण्यात अर्थ नसतो, बहुतेक कॅमेरे रंग मुळातच कमी बारकाईने साठवतात, तिथे ओढाताण केली की हाराच्या कडेला जांभळट-हिरवट घाण येते. मग रेडियस, म्हणजे शार्पनिंग किती ते ठरवणारा आकडा. तो मुळात ०.५० वर असतो, खाली नेला की धार येते. मी ०.४६ च्या आसपास थांबलो. आणि हे सगळं शंभर टक्के झूमवर बघत, कारण खिडकीत मावेल एवढं छोटं करून बघितलं की सगळंच शार्प वाटतं, अगदी स्वतःचं कामसुद्धा.

मामांना हे कळावं म्हणून मी गंमत सांगायला गेलो. ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. फिल्मच्या जमान्यात डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह कॉपी काढायचे आणि ती मूळ निगेटिव्हवर ठेवून प्रिंट काढायचे, म्हणून तर त्याला अनशार्प मास्क म्हणतात. आजही प्रोग्रॅम तेच करतो. चित्राची धूसर कॉपी करतो, ती मूळ चित्रातून वजा करतो, कडा तेवढ्या उरतात, त्या कडा परत चित्रात मिसळतो. म्हणजे नवीन काही आणत नाही, असलेल्या कडेची काळी बाजू आणखी काळी आणि गोरी बाजू आणखी गोरी करतो, आणि आपला डोळा फसतो.

मामा म्हणाले, "म्हणजे धूसर करून शार्प करतोस? मग आधीच धूसर आहे की, अर्धं काम झालं!"

याला उत्तर नाही. खरंच नाही.

बाकी खरी मारामारी आकाराची असते. मी या शॉटचा हिशोब मांडला. नवरा कॅमेऱ्यापासून साधारण तीन मीटरवर, फोकस साडेतीनवर, तर फोर-केच्या चित्रात त्याच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू टिंब न राहता साडेचार-पाच पिक्सेलची चकती होतो. मुंडावळीतला पाच मिलिमीटरचा मोती त्याच चित्रात नऊएक पिक्सेलचा. म्हणजे मोती चकतीपेक्षा मोठा, त्याची कड पसरली पण मोती मोती राहिला, तो सुधारतो, आणि सुधारला. भुवया सुधारल्या, मिशीची कड आली, फेट्याची घडी आली. पण फेट्यावरची जर अर्ध्या मिलिमीटरची, एका पिक्सेलचीही नाही. असे चार-पाच धागे एकाच चकतीत मिसळून त्यांची सरासरी झाली, आता ते परत मागणं म्हणजे पुरणयंत्रातून काढलेल्या पुरणात डाळीचा दाणा शोधणं. आणि काही ठराविक बारकाईच्या रेघा तर अशा मिसळतात की त्यांचा फरक बरोब्बर शून्य होतो, त्या शून्याला हजाराने गुणलं तरी शून्यच. त्याहून बारीक रेघा कधीकधी दिसतातही, पण उलट्या, काळ्याच्या जागी गोरी आणि गोऱ्याच्या जागी काळी. त्यामुळे "अरे आले की धागे" असं म्हणून आनंद करायचीही सोय नाही.

मामांना धाग्यांचं काही नव्हतं. त्यांना पाणी पाहिजे होतं.

"अंतरपाट खाली आला ना, तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी होतो ना मागे!"

मागे! माणूस मागे उभा होता, त्याला भाच्याचा फेटा दिसत होता, आणि डोळ्यातलं पाणी हा मला सांगतोय. पण ऐकतील तर मामा कसले. "वाढव अजून. वाढव. अरे घाबरतोस काय, माझं लग्न आहे का!" मी वैतागून रेडियस खाली खाली नेला आणि नवऱ्याच्या खालच्या पापणीखाली एक पांढरी चकचकीत रेघ उमटली.

मामा खुर्चीतून उठले. "आलं! बघ आलं पाणी! ताईला फोन लावतो."

हा हेलो. काळ्या कडेची गोरी बाजू गरजेपेक्षा गोरी झाली की कडेशेजारी अशी पांढरी किनार येते. ओळखायचं सोपं आहे, ती एकाच ठिकाणी कधी येत नाही. मी दाखवलं, मामा, हीच रेघ मुंडावळीच्या दोऱ्याखाली आहे, फेट्याच्या काठाला आहे, नाकपुडीखाली आहे, मग नाकालाही पाणी आलं म्हणायचं का? मामा गंभीर होऊन म्हणाले, "सर्दी होती त्याला लग्नात." पुढे मी एक-एक फ्रेम सरकवून दाखवली. खऱ्या थेंबाची चमक मान वळली की हलते, कमी-जास्त होते, ही रेघ पापणीला शिवल्यासारखी कायम तिथेच. शार्पनिंग बंद केलं की रेघ गायब. चालू केलं की रडला. बंद, हसला. चालू, रडला. तेवढ्यात ताईंचा फोन लागला होता आणि त्या पलीकडून विचारत होत्या, कोण रडतंय?

खरंच पाणी होतं का? असेलही. पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थेंब दोन-तीन पिक्सेलचा, चकती त्याच्याहून मोठी, डोळ्यातला उजेड आणि थेंबाचा उजेड एकच डाग झाला. तो डाग रडण्याचा की हॅलोजनचा हे आता या फाइलमधून कुणीच सांगू शकत नाही.

"मग नासावाले कसे करतात?" मामा. यांना नासा कशाला पाहिजे हो? पण उदाहरण चांगलं दिलं त्यांनी, नकळत. १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली आणि चित्रं धूसर आली, आरसा काठाला २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. त्यांच्याकडे बिंदू नेमका कसा पसरतो याचा नमुना होता, कारण तारा म्हणजे आयता बिंदूच. तो नमुना वापरून गणिताने चित्रं बऱ्यापैकी सावरलीही. पण अंधुक वस्तू गणिताला दाद देईनात, नॉइजच वाढायचा, आणि शेवटी १९९३ च्या डिसेंबरमध्ये माणसं अंतराळात पाठवून दुरुस्तीची उपकरणं बसवावी लागली. म्हणजे नासालाही "पोस्टमध्ये बघू", म्हणजे शूट झाल्यावर एडिटिंगमध्ये निस्तरू, हे पुरलं नाही. इथे मात्र शूटिंगवाला मुलगा ऑटोफोकसवर सोडून जेवणाच्या पंगतीला जातो आणि पोस्टमध्ये बघायला मी आहेच. माझ्याकडे तारा नाही, यान नाही, दाढ कोरणारे मामा आहेत.

शेवटी जे करायचं तेच केलं. पूर्ण फिल्म फोर-केऐवजी लांबी-रुंदीने निम्म्या टेन-एटीमध्ये काढली, म्हणजे पाच पिक्सेलची चकती आपोआप अडीचवर आली, हा शार्पनिंगपेक्षा मोठा फायदा असतो आणि याचे कुणी पैसे देत नाही. झूम अजिबात केलं नाही. शार्पनिंग फक्त चेहऱ्याभोवती मास्क करून, हेलो दिसायच्या आत थांबवलं. मामांवर दुसरा मास्क लावून त्यांना मात्र थोडं धूसर केलं, कारण शेजारी कुणी करकरीत नसलं की मऊ माणूसही बरा दिसतो. शॉट अर्धा कापला आणि हार घालताना दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेलो.

फाइल पाठवली. मामांनी टीव्हीवर लावून बघितली आणि फोन केला. नवरा छान आलाय म्हणाले, पण मी का बिघडलो? आणि बिलात शार्पनिंगचे वेगळे पैसे कसले लावलेस, ते बटण तर आधीपासून आतच होतं ना?