ईडीएलपी की हाय-लो? आधी चहाच्या पुड्याचा महिनाभराचा हिशोब मांडा

‘दुकानाने ईडीएलपी ठेवावं की हाय-लो?’ या रिटेल प्रायसिंगच्या प्रश्नाच्या सराव उत्तरपत्रिका गेले दोन दिवस तपासतेय. ईडीएलपी म्हणजे रोजच कमी भाव, हाय-लो म्हणजे एरवी चढा भाव आणि मधूनमधून ऑफर, इथवर सगळ्यांनी बरोबर लिहिलंय. पुढे मात्र दोन रकाने आखून फायदे-तोटे. मार्जिनचा हिशोब एकानेही केलेला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटलं, कारण हा प्रश्न सुटतो तो तिथेच.

शिकवायला लागण्याआधी नऊ वर्षं मी एका सुपरमार्केटच्या खरेदी विभागात होते. तिथला साधा चहाचा पुडा घेऊ. आकडे समजायला सोपे धरलेत. पुडा दुकानाला १६० ला पडतो, २०० ला विकला जातो. आठवड्याला २५० पुडे, म्हणजे महिन्याला १,००० पुडे आणि ४०,००० रुपये मार्जिन.

आता भाव कायमचा १० टक्के उतरवा. पुडा १८० ला, मार्जिन ४० वरून थेट २० वर. भाव दहा टक्केच उतरला, पण मार्जिन निम्मं झालं. तेवढेच पैसे मिळवायला पुडे दुप्पट खपायला हवेत, आणि भाव उतरला म्हणून कुणी दुप्पट चहा पीत नाही. शिकागोच्या डॉमिनिक्स या साखळीच्या ८६ दुकानांत हे करून पाहिलं होतं. त्यावरचा अभ्यास १९९४ साली आला. ज्या मालाचा रोजचा भाव १० टक्के उतरवला त्याची विक्री फक्त ३ टक्के वाढली आणि नफा १८ टक्के घटला. जिथे भाव तेवढाच चढवून हाय-लो ठेवलं तिथे विक्री ३ टक्के घटली, पण नफा १५ टक्के वाढला.

यावरून ईडीएलपी तोट्याचं, असं लिहून मोकळे होऊ नका. तिथे काही ठरावीक प्रकारच्या मालाचे भाव बदलले होते, अख्ख्या दुकानाचे नाही. गिऱ्हाईक दुकान बदलतं ते पूर्ण यादीचा हिशोब करून, एका पुड्यासाठी नाही.

आता त्याच पुड्याची हाय-लो बघू. दर महिन्याला तीन आठवडे भाव २००, चौथ्या आठवड्यात ऑफर १७०. सप्लायर त्या आठवड्यापुरती २० रुपयांची स्कीम देतो, म्हणजे खरेदी १४० ला. ऑफरला ७०० पुडे जातात. २५० चे ७०० झाले म्हणून दुकानात सगळे खूश. पण लोकांनी घरी साठा केलेला असतो, त्यामुळे उरलेल्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला २५० ऐवजी १५० च जातात. महिन्याचे पुडे १,१५० आणि मार्जिन १८,००० अधिक २१,०००, म्हणजे ३९,०००. ऑफर नसती तर ४०,००० मिळाले असते! ऑफरचा आठवडा एकटा मोजला की हीच चूक होते. ऑफर खरंच फळली का हे बघायचं तर आधीचे-नंतरचे आठवडेही सोबत धरावे लागतात.

आणखी एक भागाकार करा. या महिन्यात गिऱ्हाइकाने सरासरी मोजले जवळपास १८२ रुपये आणि दुकानाची सरासरी खरेदी पडली सुमारे १४८ ला. म्हणजे सप्लायरने स्कीमचे तेच पैसे वर्षभराच्या सरळ भावात दिले, तर रोज १८० ला विकूनही तेवढ्याच १,१५० पुड्यांवर ३७,००० सुटतात. फरक उरला २,००० चा. तो भरून निघतो वाचलेल्या खर्चातून. ऑफरच्या आदल्या रात्री आम्ही शेल्फवरच्या भावपट्ट्या एकेक काढून नव्या लावायचो. एखादी राहिली की सकाळी काउंटरवर वाद. शनिवार संध्याकाळपर्यंत माल संपलेला, आणि जिथे जास्त मागवला तिथे पुढचे पंधरा दिवस गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. रोज एकच भाव असला की मागणी सपाट राहते आणि हा सगळा खर्च खाली येतो.

म्हणूनच २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढणाऱ्या डीमार्टबद्दल लिहिताना भावाआधी खर्च लिहा. बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत, सप्लायरचे पैसे लवकर चुकते, म्हणून खरेदी स्वस्त. हे जमत नसताना नुसता भाव उतरवला, तर शिकागोचेच आकडे समोर येतात. उलट बिग बझारने २००६ पासून २६ जानेवारीच्या आसपास ‘सबसे सस्ते दिन’ भरवून हाय-लो कसं गर्दी खेचतं ते दाखवलं. आपल्याकडे पॅकबंद मालात ‘हाय’ला एमआरपीचं छत असतं, हेही जरूर लिहा. अमेरिकेतल्या उदाहरणांत ते सापडणार नाही.

माझं मत विचाराल तर किराण्यात मी ईडीएलपीच्या बाजूची आहे. ऑफरला चार पुडे उचलायला हातात पैसे आणि घरात जागा लागते. पूर्ण २०० मोजून गेलेल्या त्या ४५० पुड्यांत, हातात पैसे येतील तेव्हा एकच पुडा नेणारी माणसं मी काउंटरवर उभी राहून पाहिली आहेत.