हवा भरूनही दिवा का गेला नाही: साताऱ्याच्या टायरवाल्याचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: «चारही टायरमध्ये हवा भरून घेतली, तरी डॅशबोर्डवरचा दिवा चालूच. दारावर ३३ लिहिलंय, यांनी ३६ भरली. गेज खराब असणार. चाळीस रुपये आणि वीस मिनिटं वाया. १ स्टार.»

साहेब, नमस्कार. दिवा चालू असताना तुम्हाला तसंच जावं लागलं, त्याबद्दल माफ करा. मी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं, तेवढं माझं चुकलं. पण गेज खराब म्हणालात ते मनाला लागलं. अठरा वर्षं वाढे फाट्यावर बसतोय. तुमचा अभिप्राय वाचला त्याच संध्याकाळी शेजारच्याचा गेज आणून माझ्या गेजशी ताडून बघितला, दोन्ही एकच दाखवतात.

आता ३६ चं सांगतो. दारावरचा ३३ चा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीन-चार तास उभी असल्यावरचा. तुम्ही पुण्याहून खंबाटकी उतरून थेट माझ्याकडे आलात. टायरला हाताची पालथी बाजू लावली तर चटका बसत होता. एवढ्या चालीनंतर आतली हवा तापून गेज तीन-चार जास्त दाखवतो. त्या वेळी ३३ ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीसच्या आसपास निघाली असती. म्हणून ३६ ठेवली. पैसे घेऊन कमी हवा भरणं मला जमत नाही.

दिव्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या गाडीच्या स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे येत नाहीत, नुसता घोड्याच्या नालासारखा पिवळा दिवा लागतो. अशा बहुतेक गाड्यांत टायरच्या आत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेलं चाक थोडं बसतं आणि बाकीच्या तिघांपेक्षा जरा जास्त फिरतं. एबीएसचे सेन्सर तो फरक पकडतात. गाडीला हवा दिसत नाही, चाकाचा फेरा दिसतो. त्यामुळे हवा भरली तरी बऱ्याच गाड्यांत दिवा आपोआप जात नाही. स्क्रीनवरच्या मेनूत किंवा बटणावर SET करावं लागतं, आणि मग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवली की ती नवीन फेरे शिकते.

मग मी SET का केलं नाही? तेवढ्यासाठीच तर थांबा म्हणत होतो. तुमच्या मागच्या डाव्या चाकात २३ निघाली, बाकीच्या तिघांत ३५-३६. एकाच चाकात एवढी कमी म्हणजे कुठून तरी हवा जातेय. SET केलं की आत्ता जे आहे तेच बरोबर, असं गाडी धरते. गळकं चाक तसंच ठेवून दाबलं तर शिकता शिकता तेही उतरत राहणार, आणि दिवा गेला म्हणून तुम्ही निश्चिंत राहणार. वॉल्ववर आणि टायरवर साबणाचं पाणी मारून बुडबुडा कुठे येतो ते बघायचं होतं. मी बादली आणायला आत गेलो, तेवढ्यात हॉर्न सुरू झाला. मागे वहिनी आणि पोरं उन्हात बसलेली, मी समजू शकतो. पण पोरगा "झालं का?" विचारत आला तेव्हा "दोन मिनिटं" म्हटलं होतं, ती दोन मिनिटं काही मिळाली नाहीत.

आणखी एक. किल्ली फिरवल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर ती हवेची तक्रार नसते, सिस्टिमच बिघडलेली असते. आत सेन्सर असलेल्या जुन्या गाड्यांत बऱ्याचदा सेन्सरचा सेल संपलेला असतो, तिथं कितीही हवा भरा. तुमचा दिवा लुकलुकत नव्हता, मी मुद्दाम बघितलं होतं.

माझं निम्मं गिऱ्हाईक हायवेचं. फोनवर तारे बघून वळतात, साहेब. एक तारा कमी झाला तरी दिवसभरात कळतं. हे सगळं लिहिलेला एक बोर्ड लावायचा विचार आहे, बघू. चाळीस रुपये कधीही परत न्या.

पण आधी एवढं करा. कोल्हापुरात सकाळी गाडी हलवायच्या आत चारही चाकं मोजा. मागचं डावं बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर खिळा किंवा वॉल्वची पिन, दोघांपैकी एक. ते कुणाकडूनही काढून घ्या, मगच SET दाबा. माझ्याकडेच या असं नाही.